रेझ्युमेचा फॉन्ट निवडला नोटपॅडला विचारून

नोकरी बदलायची ठरल्यावर मित्रांनी एकच सल्ला दिला: एरियल किंवा कॅलिब्री वापर, बाकीचे फॉन्ट एटीएसला, म्हणजे कंपन्यांकडे आलेले अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाहीत. मला ते पटेना. माझा जीव ईबी गॅरामंडवर होता. जुन्या छापील पुस्तकांसारखी त्याची नाजूक वळणं, आणि फुकट उपलब्ध.

खरं तर पीडीएफ आली की एटीएस सहसा अक्षराचा आकार बघतच नाही. फाइलमध्ये प्रत्येक आकारामागे 'हा आकार म्हणजे अमुक अक्षर' असा तक्ता असतो, त्यातून मजकूर उचलला जातो. अडचण येते ती जोडआकारांत. गॅरामंडमध्ये f आणि i शेजारी आले की, आपल्या जोडाक्षरांसारखा, दोघांचा मिळून एकच आकार होतो. दिसायला सुरेख, पण तक्त्यात त्याची नोंद राहून गेली की तिथे पोकळी.

म्हणून मी लिबरऑफिसमध्ये रेझ्युमे लिहिला, प्रिंटच्या मार्गाने पीडीएफ केली, सगळा मजकूर निवडून कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये चिकटवला. कागदावर झकास दिसणारे certified आणि office हे शब्द तिथे असे उतरले:

```
certi ed
o ce
```

माझं सर्टिफिकेशन शोधणाऱ्या रिक्रूटरला मी सापडलोच नसतो!

उपाय सोपा निघाला. लिबरऑफिसमध्ये फॉन्टच्या नावापुढे खूण जोडली की जोडआकार बंद होतात:

```
EB Garamond:-liga
```

वर्डमध्ये हेच फॉन्टच्या Advanced टॅबमध्ये, Ligatures समोर None निवडून होतं. शिवाय प्रिंटऐवजी थेट Export as PDF वापरलं. पुन्हा नोटपॅड. शब्द अखंड आले.

मथळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. EXPERIENCE ची अक्षरं स्पेसबार मारून मी लांब लांब ठेवली होती, कारण तसं छान दिसतं. नोटपॅडमध्ये ती सुटी दहा अक्षरं झाली. विभाग कुठे सुरू होतो हे सॉफ्टवेअर मथळ्यावरून ओळखत असेल, तर इथे ते चुकणारच. स्पेस काढल्या, मथळा ठळक आणि दोन पॉइंट मोठा केला. फोन आणि ईमेलजवळची चिन्हंही उडवली. आयकॉन फॉन्टमधली ती चिन्हं मजकुरात निरर्थक चौकोन होऊन येत होती.

काही पोर्टल फक्त वर्ड फाइल घेतात. तिथे सॉफ्टवेअरला मजकूर सरळ मिळतो, फॉन्टने फरक पडत नाही. पण उघडणाऱ्या माणसाच्या संगणकावर गॅरामंड नसला तर दुसराच फॉन्ट येतो आणि एका पानाचं दीड पान होतं. त्यासाठी मी जॉर्जियातली वेगळी प्रत ठेवली आहे. तो विंडोज आणि मॅक दोन्हींवर असतो, आणि त्याचे आकडे ओळीच्या खाली-वर झुलतात. २०१९ सालही त्यात जरा रुबाबदार दिसतं. फोन नंबर मात्र थोडा नाचतो, पण तेवढं मी चालवून घेतलं.