त्या रेघेखाली कोण उभं आहे

"भाऊ, भाव २०० डीएमएला आला की उसळतोच ना, मग तिथंच घेतलं तर चुकतं कुठं?"

२०० डीएमए म्हणजे मागच्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी, चार्टवर ती एक रेघ दिसते. भाव तिथून उसळतो, बरेचदा उसळतो. मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे कोणी हे सगळं थोतांड आहे म्हणालं की मला राग येतो. पण तुम्ही सगळे "उसळतो" इथंच थांबता. तो उसळवतो कोण, हे कोणी विचारत नाही, आणि मीही २०२० पर्यंत विचारलं नव्हतं.

त्या वर्षी १ फेब्रुवारीला बजेट होतं, शनिवार असून बाजार उघडा. निफ्टी पडून ११,६६२ ला बंद झाला आणि २०० दिवसांची सरासरी जवळपास तिथंच होती. मी थोडे पैसे निफ्टीच्या ईटीएफमध्ये, म्हणजे निफ्टीसोबत वर-खाली होणाऱ्या फंडात टाकले. ६ तारखेला निफ्टी १२,१३७. शेतात बसून मोबाइलवर चार्ट पाहत होतो आणि वाटलं, सापडलं. मग २७ फेब्रुवारीला निफ्टी परत रेघेवर आला, ११,६३३, रेघेच्या जरासा खालीच, पण मी म्हटलं एवढं चालतं. कापसाचा चुकारा नुकताच जमा झाला होता, त्यातले एक लाख वीस हजार लावले. रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या रेघेखाली कोन उभा हाये घ्याले?" मी म्हटलं, बाबा, तुम्हाला नाही समजत. दुसऱ्या दिवशी निफ्टी ११,२०१.

बाबांचा प्रश्न अगदी बरोबर होता, मला तो कळायला महिना लागला. आपल्याकडे हमीभाव असतो, त्यामागे खरेदी केंद्र असतं, काटा असतो, कोणीतरी पैसे देणारा असतो, तरी केंद्र बंद पडलं की व्यापारी खालीच मागतो. त्या रेघेमागे तर केंद्रही नाही. तिच्यामागे फक्त तिच्याकडे बघणारे लोक आहेत. पण ते खूप आहेत आणि एकच रेघ बघतात, कारण २०० हा आकडा सगळ्यांच्या चार्टवर असतो. भाव खाली येऊ लागला की कोणी रेघेच्या जरा वर बाय ऑर्डर लावून बसतो, वरून शॉर्ट केलेला, म्हणजे आधी विकून नंतर घेणारा, तिथं नफा घेऊन सौदा कापतो, म्हणजे तोही विकतच घेतो, आणि ज्याला विकायचं असतं तो म्हणतो थांबू, इथून उसळेल. म्हणून उसळतो. उसळला की पुढच्या वेळी अजून लोक तिथं ऑर्डर लावतात.

आणि यातच तिचं तुटणं दडलंय. त्या ऑर्डर एकदा भरल्या की संपल्या, आणि ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांचे स्टॉपलॉस, म्हणजे भाव पडला की तोटा थांबवायला आपोआप विकणाऱ्या ऑर्डर, रेघेच्या थोडे खाली. म्हणजे रेघेवर गर्दी घेणाऱ्यांची आणि खाली गर्दी विकणाऱ्यांची, तीच माणसं. बाहेरून मोठी विक्री आली, तेव्हा कोरोनाची आली, की आधी वरच्या ऑर्डर खाऊन टाकते आणि मग स्टॉपलॉस तिच्याच बाजूनं लागतात. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात १,१३५ पॉइंट पडून ७,६१० ला बंद झाला. त्या दिवशी रेघ किती हलली असेल? आजचा भाव आत येतो, २०० दिवसांपूर्वीचा बाहेर जातो, दोन्हींतला फरक भागिले २००. बाहेर जाणारा भाव ११,९०० च्या आसपास होता, म्हणजे वीसएक पॉइंट. बाजार कोसळत होता आणि रेघ तशीच शांत वर बसलेली. तिला काही माहीत नसतं, ती मागचं मोजते.

माझे पैसे त्या संध्याकाळी साधारण ७८ हजार. मे महिन्यात बियाणं-खतासाठी मोडले तेव्हा ९४ हजार हाती आले. तुम्ही म्हणाल थांबला असतास तर परत मिळाले असते. मिळाले असते, पण पेरणी थांबत नाही ना.

आता उलट बाजूही सांगतो, कारण सगळं गर्दीचंच काम आहे असंही मी म्हणत नाही. बाजार वर जात असताना रेघ चढती असते आणि भाव खाली येऊन परत वर जाणारच असतो, तो रेघेपाशी वळला की श्रेय रेघेला मिळतं, दोन टक्के वर वळला असता तर आपण ते मोजलंच नसतं. मी जुने चार्ट पाहिले तेव्हा हेच करत होतो, "जवळपास" म्हणजे किती हे आधी ठरवलंच नव्हतं. १९० किंवा २१० ची रेघ काढली तरी ती एवढी जवळ पडते की उसळी कोणामुळं हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे किती रेघेचं आणि किती ट्रेंडचं, हे मला अजून सांगता येत नाही.

रेघ मी अजून लावतो. तिथं आल्यावर लगेच घेत नाही, रेघ चढती आहे का बघतो, आणि भाव एक-दोन दिवसांत उसळून वर बंद होतो की रेघेवरच रेंगाळतो ते बघतो. रेंगाळला तर ऑर्डर भरत चालल्यात असं समजतो. हेही चुकतं कधीकधी. चुकाऱ्याचे पैसे मात्र त्यानंतर एकदाही लावले नाहीत.