रशियाच्या नोकरीचा करार रशियनमध्ये करताना : माझा अनुभव

आमच्या वणी तालुक्यात वेल्डर-फिटरची कमी नाही. कोळशाच्या खाणी आहेत, चुनाभट्ट्या आहेत, आयटीआय आहे, पोट्ट्यांच्या हातात काम आहे पण हातात पैसा पडत नाही, म्हणून गल्फच्या जोडीला आता रशियाच्या ऑफर येतात. मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले, लग्नानंतर इकडेच आहे, घरूनच भाषांतराची कामं करते. तर जवळपासच्या गावातल्या काही पोरांचं ऑफर लेटर अन् एम्प्लॉयमेंट कॉन्ट्रॅक्ट इंग्रजीतून रशियनमध्ये करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मसुदा इकडच्या एजंटनं बनवला होता, आपल्याकडच्या कंपन्यांचा साचा घेऊन, अन् तो तिकडच्या कंपनीला रशियनमध्ये पाहिजे होता.

असा करार बहुतेक दोन रकान्यात करतात. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला रशियन, कलमाचे नंबर समोरासमोर. अन् शेवटी एक कलम असते की दोन्हीत फरक निघाला तर रशियन मजकूर धरायचा. म्हणजे पोरगा सही करतो इंग्रजी रकाना पाहून (तोही एजंटनं समजावून सांगितला तेवढाच) अन् त्याला लागू होतो तो दुसरा रकाना, ज्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नाही. म्हणून मी काम घेतानाच एजंटला सांगितलं होतं की भाषांतर देईन, पण त्याच्यासोबत शंकांचा एक वेगळा कागद पण देईन, अन् तो कंपनीच्या ओत्देल काद्रोवला, म्हणजे त्यांच्या एचआरला, जसाच्या तसा पाठवायचा. त्याला ते फार आवडलं नाही. "ताई, तुम्ही फक्त जसं आहे तसं करून द्या ना." जसं आहे तसंच करून देणार होते मी, म्हणून तर कागद वेगळा.

पहिला अडथळा पगाराचा. मसुद्यात लिहिलं होतं, सीटीसी, म्हणजे सगळं धरून कंपनीचा खर्च, ८५,००० रुबल महिना. रशियन करारात सीटीसी नावाची गोष्टच नसते. तिथे ओक्लाद लागतो, म्हणजे ठरलेला मूळ पगार जो काम केलं की मिळणारच, अन् त्याच्यावर भत्ते अन् प्रेमिया वेगळे दाखवावे लागतात. प्रेमिया म्हणजे बोनस, अन् तो बहुतेक जागी कंपनीच्या नियमावर अन् साहेबाच्या मूल्यमापनावर असतो. नुसतं 'पगार ८५,०००' असं रशियनमध्ये उतरवलं असतं तर वाक्य बरोबर दिसलं असतं पण त्यातून काय कबूल केलं ते कोणालाच कळलं नसतं. म्हणून मी कागदावर दोन प्रश्न लिहिले, यात ओक्लाद किती, अन् हा आकडा कर कापायच्या आधीचा की हातात पडणारा. तिकडून उत्तर आलं, ओक्लाद ५५,०००, प्रेमिया ३०,००० पर्यंत, अन् सगळं कर कापायच्या आधीचं. 'पर्यंत' हे पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता कर. एजंट सगळ्यांना सांगत होता की तिकडे १३ टक्के कापतात, अन् ते खोटं नाही पण आपल्या लोकांना पहिल्या दिवसापासून लागू होत नाही. उझबेकिस्तान-ताजिकिस्तानसारख्या देशातले कामगार बिनव्हिसाचे जातात, पातेंत नावाचा परवाना घेऊन काम करतात, त्यांना सुरुवातीपासून १३ टक्के असतो, अन् ऐकीव माहिती बहुतेक त्यांचीच फिरते. भारतीय माणूस वर्क व्हिसावर अन् वर्क परमिटवर जातो. मोठ्या पगारावर खास तज्ज्ञ म्हणून गेलेला सोडला तर बाकीच्यांना, १२ महिन्यात १८३ दिवस रशियात राहून होईपर्यंत, कर ३० टक्के. पोरांना मी वहीत मांडून दाखवलं. पूर्ण ८५,००० मिळाले तर ३० टक्क्यानं २५,५०० कापून हातात ५९,५००. तेच १३ टक्क्यानं ७३,९५०. अन् एखाद्या महिन्यात प्रेमिया दिलाच नाही, फक्त ओक्लाद आला, तर ५५,००० चे हातात ३८,५००. रुबल हल्ली रुपयाच्या आसपासच वर-खाली होत असतो, म्हणून आकडे त्यांना सरळ समजले अन् घरात एकदम शांतता झाली. एका पोराचा बाप म्हणाला, "मंग हे पंच्याऐंशी हजार कोनाचे व्हय?" खरा प्रश्न होता तो.

जायचा महिना पण यात फार महत्त्वाचा आहे, हे लक्षात घ्या. कोणी १ मार्चला पोचला अन् सलग राहिला तर ऑगस्टच्या शेवटी त्याचे १८३ दिवस भरतात, मग त्या वर्षाचा कर १३ टक्क्यानं परत मोजला जातो अन् जास्तीचा कापलेला पैसा त्याचा निघतो. पण ऑगस्टच्या सुरुवातीला पोचलेल्याचे ३१ डिसेंबरपर्यंत १५३ च दिवस होतात, त्याचं ते वर्ष ३० टक्क्यातच जाते. ऑफर लेटरमध्ये हे कोणी लिहीत नाही.

पगाराच्या तारखेचं पण होतं. मसुद्यात दर महिन्याच्या ७ तारखेला एकदा पगार असं होतं. रशियाच्या कामगार कायद्यात, त्रुदोवोय कोदेक्स म्हणतात त्याला, कलम १३६ प्रमाणे पगार निदान दर अर्ध्या महिन्याला द्यावाच लागतो. ते पण कागदावर टाकलं, अन् त्यांनी २५ अन् १० अशा दोन तारखा करून पाठवल्या.

सगळ्यात जास्त डोकं लागलं ते प्रोबेशनला. मसुद्यात होतं की प्रोबेशन सहा महिने, कंपनीला वाटलं तर आणखी वाढवता येईल, अन् त्या काळात कारण न देता कधीही काढता येईल. आपल्याकडे असे करार सर्रास दिसतात. तिकडे कलम ७० आहे, साध्या कामगाराला प्रोबेशन जास्तीत जास्त तीन महिने, सहा महिने हे कंपनीचा प्रमुख, चीफ अकाउंटंट अशा मोठ्या पदांसाठी. करार दोन ते सहा महिन्यांचाच असला तर प्रोबेशन दोन आठवड्यांच्या वर नाही. ठरलेला काळ नंतर वाढवता येत नाही, फक्त आजारपणाचे अन् प्रत्यक्ष गैरहजेरीचे दिवस त्यात धरत नाहीत. अन् काढायचं असेल तर कलम ७१ प्रमाणे निदान तीन दिवस आधी लेखी द्यावं लागते, अन् कारण लिहावं लागते, काम का पसंत पडलं नाही ते.

मग मी काय करायचं? एका ओळखीच्या भाषांतरकार बाईंनी सुचवलं की सरळ रशियन रकान्यात तीन महिने लिहून टाक, कायदाच तसा आहे. ते मला पटलं नाही. इंग्रजीत सहा अन् रशियनमध्ये तीन झालं की दोन रकाने दोन वेगळे करार होतात, उद्या भांडण झालं तर भाषांतर चुकीचं म्हणून पूर्ण कागदावरच शंका येते, अन् करार बदलायचा हक्क सही करणाऱ्यांचा आहे, माझा नाही. म्हणून सहा ते सहाच लिहिले, वाढवायचं पण जसंच्या तसं लिहिलं, अन् शंकांच्या कागदावर कलम नंबर टाकून लिहिलं की हे ७० अन् ७१ शी जुळत नाही, दोन्ही रकाने दुरुस्त करून पाठवा. कायद्यापेक्षा कामगाराचं नुकसान करणारी अट करारात असली तरी तिकडे ती लागू होत नाही (कलम ९), पण मोठा भाषिक अडसर असलेला, घरापासून हजारो किलोमीटर दूरचा पोरगा ते कुठे अन् कोणाजवळ सांगत बसणार, म्हणून ती सहीच्या आधी निघालेली बरी.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते. प्रोबेशन नुसतं ऑफर लेटरमध्ये असलं अन् करारात नसलं तर माणूस बिना प्रोबेशनचा लागला असं धरतात. याची दुसरी बाजू पण आहे, राहायची खोली, जेवण, विमानाचं तिकीट हे ऑफरमध्ये छान लिहून ठेवतात अन् करारात एक ओळ नसते, अन् मग ते मागताना करार दाखवता येत नाही. आमच्या मसुद्यात खोली फक्त ऑफरमध्येच होती. ती करारात घ्यायला लावली.

नोटीसच्या कलमात लिहिलं होतं, दोघांपैकी कोणीही ३० दिवसांची नोटीस देऊन किंवा तेवढा पगार भरून करार संपवू शकते. वाचायला बरोबरीचं वाटते. रशियात कामगारानं सोडायचं असेल तर दोन आठवडे आधी लेखी अर्ज (कलम ८०), प्रोबेशनमध्ये असेल तर तीनच दिवस. नोटीसच्या बदल्यात कामगारानं पगार भरायची भानगड नाही. अन् कंपनीला तर नुसती नोटीस देऊन काढताच येत नाही, कायद्यात कारणं ठरवून दिली आहेत त्यातलं एखादं लागते, जागाच कमी करायची असली तर दोन महिने आधी सांगावं लागते. म्हणजे ३० दिवसांच्या एका वाक्यानं पोराच्या बाजूनं मुदत वाढवली होती अन् कंपनीच्या बाजूनं दार मोकळं केलं होतं. तेही जसंच्या तसं उतरवलं अन् कागदावर लिहिलं. तिकडच्या एचआरनं वाद घातला नाही, ते पूर्ण कलमच काढून 'कायद्याप्रमाणे' असं टाकलं. माझ्या मते 'कायद्याप्रमाणे' पुरेसं नव्हतं, पोराला कळेल असे दोन आठवडे अन् तीन दिवस आकड्यात पाहिजे होते, मी परत लिहिलं, तेव्हा ते आलं.

दुरुस्त करार आला त्या दिवशी पोरांना बसवून एकेक कलम आपल्या बोलीत वाचून दाखवलं. त्यांचे प्रश्न बहुतेक सोडून यायचेच होते. "ताई, नाई जमलं त दुसऱ्या कंपनीत लागता येईन का?" लगेच नाही. वर्क परमिट त्या कंपनीसाठी, त्या भागासाठी अन् त्या कामासाठीच असते, करार संपला की कंपनी तीन कामाच्या दिवसात तिकडच्या गृहखात्याला कळवते, म्हणून परमिट अन् व्हिसाचं काय होणार ते विचारल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. त्यांना मी राजीनाम्याच्या अर्जाचा रशियन नमुना करून दिला, खाली मराठीत अर्थ. दोन प्रती करायच्या, एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर तारीख अन् सही घेऊन आपल्याजवळ ठेवायची, कारण दोन आठवडे मोजतात ते अर्ज त्यांच्या हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, अन् ती सही नसली तर कंपनी म्हणेल अर्ज आलाच नाही. शेवटच्या दिवशी पूर्ण हिशोब मिळाला पाहिजे हे पण त्यातच लिहून दिलं.

३८,५०० चा आकडा पाहून एकानं जायचं रद्द केलं, घरी कर्जाचा हप्ता होता अन् प्रेमियाच्या भरवशावर तो बसत नव्हता. बाकीच्यांनी सह्या केल्या. एजंटनं परवा पुढच्या गटाचा मसुदा पाठवला, त्यात ओक्लाद वेगळा लिहिला आहे, पण प्रोबेशन परत सहा महिनेच आहे, तर त्याचा कागद आता लिहायला घेतला आहे.