पंधरा तारखेचं काम दोन जानेवारीला: कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसून सांगितलेला उशीर

१२ डिसेंबरला सकाळी भंडारा रोडवरच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात मला जायचं होतं. त्यांच्यासाठी आम्ही पावत्यांचं आणि भाड्याचं नवीन सॉफ्टवेअर करत होतो. ते १५ डिसेंबरला सुरू होणार, असं मीच सप्टेंबरमध्ये कबूल केलं होतं, आणि ते होणार नव्हतं. जानेवारीत नवी मिरची नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागते आणि त्यानंतर पोत्यांच्या गाड्या दारात उभ्या राहतात. त्यामुळे शेठजींसाठी ही तारीख कागदावरची नव्हती.

आदल्या रात्री मी काय बोलायचं ते वहीत लिहिलं आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं. बोलणं सात मिनिटांचं झालं होतं. पहिली पाच मिनिटं कारणं होती आणि नवी तारीख अगदी शेवटी, तीही ‘साधारण’ लावून. ऐकताना मलाच वाटलं की ही बाई काहीतरी लपवतेय. लपवायचं काहीच नव्हतं, पण ऐकणाऱ्याला ज्याची घाई असते ते शेवटी ठेवलं की तो मधलं सगळं संशयानेच ऐकतो. मी क्रम उलटा केला. आधी तारीख आणि किती दिवस उशीर, मग आज काय तयार आहे, मग कारणं, मग पुढची योजना आणि त्यांच्याकडून काय हवं. ‘पण’ने सुरू होणारी वाक्यं खोडली. तशी नऊ होती.

उशिराचं मुख्य कारण फॉन्ट होतं. त्यांच्या जुन्या संगणकात १४,२०० खाती होती, शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची, नावं आणि गावं मराठीत. ती युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या फॉन्टमध्ये होती. अशा फॉन्टमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. भिवापूर हे गाव कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्यक्षात असं साठवलेलं असतं:

```
fHkokiwj
```

पहिला `f` म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ती दिसते तशी भ च्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती भ च्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलट आहे. वर्धा लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये रफार ‘धा’नंतर येतो आणि युनिकोडमध्ये त्याच्या आधी. म्हणून नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, जागाही हलवाव्या लागतात. हे आम्हाला माहीत होतं आणि त्यासाठी पाच दिवस धरले होते.

माहीत नव्हतं ते हे, की जुन्या वर्षांतली खाती एका फॉन्टमध्ये होती, नंतरची दुसऱ्या, आणि मधली काही सरळ इंग्रजी लिपीत. कोणतं खातं कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची नोंद कुठेच नव्हती. फॉन्ट पडद्याला लावलेला होता, मजकुराला नाही. अंदाज बांधताना आम्ही ५०० खात्यांचा नमुना घेतला होता. तो एकाच, सगळ्यांत अलीकडच्या वर्षाचा निघाला. ही चूक आमची. प्रत्येक वर्षातून वीस-वीस खाती घेतली असती तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

कोणत्या अक्षराच्या जागी कोणतं घालायचं याचा तक्ता प्रत्येक फॉन्टचा वेगळा असतो, आणि चुकीच्या तक्त्याने बदललेलं नाव नेहमी ओळखू येतंच असं नाही. शब्द वेलांटीने सुरू होत असेल किंवा पाय मोडलेल्या अक्षरावर संपत असेल तर लगेच दिसतं. एखादं अक्षरच बदललं आणि नाव तरीही नावासारखंच राहिलं, तर मशीनला कळत नाही. आम्ही युक्ती केली ती गावांवर. त्यांच्याकडे माल येणाऱ्या गावांची यादी पक्की होती. बदललेलं गाव यादीत सापडलं तर त्या खात्याला तक्ता बरोबर लागला असं धरायचं, नाही सापडलं तर खातं माणसाने बघायचं. पावती ज्याच्या नावाने निघते त्यालाच माल मिळतो, त्यामुळे नावाच्या बाबतीत ‘बहुतेक बरोबर’ चालणारच नव्हतं.

सकाळी शेठजी, हिशोब बघणारी त्यांची सून आणि मुनीमजी असे तिघे बसले होते.

“सांगा जी, पंधराला चालू होऊन राहिलं ना?” शेठजींनी विचारलं.

“नाही होणार, शेठजी. २ जानेवारीला होईल. १८ दिवस उशीर आहे,” मी म्हणाले, आणि थांबले. रेकॉर्डिंग ऐकून हेच ठरवलं होतं, की यानंतर लगेच कारण जोडायचं नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, “बोला पुढे.”

आज काय आहे ते मी टक्क्यांत सांगितलं नाही. महिनाभर मी त्यांना फोनवर ‘साठ टक्के झालं’, ‘ऐंशी टक्के झालं’ म्हणत आले होते. ते टक्के तयार झालेल्या स्क्रीनचे होते, त्यात नावांचं काम कुठे मोजलंच नव्हतं. तेही त्यांना सांगितलं. मग मी म्हणाले, “पावती निघते, भाडं लागतं, मालाची ये-जा नोंदवता येते. ज्यांचा माल आत आहे किंवा बाकी आहे अशी २,३४० खाती आहेत. त्यातली १,४२० तपासून झाली, ९२० राहिलीत.”

कारणं तीन होती आणि प्रत्येकाला मी दिवस लावून आणले होते. फॉन्टच्या कामाला ५ दिवसांऐवजी १६ लागताहेत, म्हणजे ११ जास्त. ६०० नावांची पहिली यादी तपासायला ४ दिवस धरले होते, ती ११ दिवसांनी परत आली, म्हणजे ७ जास्त. ऑक्टोबरमध्ये पोत्यांऐवजी वजनावर भाडं लावायचं ठरलं, त्याचे ६.

सुनेने कागदावर बेरीज केली. “ताई, हे तर २४ होतात.”

“हो. त्यातले ६ दिवस दोन कामं एकाच वेळी चालली, म्हणून १८.”

दुसरं आणि तिसरं कारण सांगणं मला सगळ्यांत अवघड गेलं. यादी मुनीमजींकडे अडली होती आणि भाड्याचा बदल शेठजींनी सांगितला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोघेही समोर. गाळल्या तर हिशोब खोटा पडतो. ‘तुमच्याकडून उशीर झाला’ म्हटलं तर उरलेला वेळ कोणाचं चुकलं यावरच जातो. मी एवढंच सांगितलं की यादी ११ दिवसांनी आली, आणि आम्ही ६०० नावं एकदम, कोणताही क्रम न लावता, ऐन कामाच्या दिवसांत दिली होती. मुनीमजी म्हणाले, “सकाळच्या वेळी दोन तास मी मोकळा राहतो, आधी सांगितलं असतं तर बसलो असतो ना.” भाड्याच्या बदलाबद्दल मी म्हणाले, “शेठजी, बदल बरोबरच होता. तो घेताना सहा दिवस वाढतील हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी ‘करून देतो’ एवढंच म्हणाले.” शेठजींनी मान हलवली. वाद झाला नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होते. “पंधरा म्हटलं होतं, आता दोन म्हणता. दोन तारखेला वीस म्हणाल. कसा भरवसा ठेवू जी?”

“गेल्या आठवड्यात आमचा माणूस आणि मुनीमजी जेव्हा शेजारी बसले, तेव्हा दिवसाला ११५ नावं झाली,” मी म्हणाले. “९२० ला आठ दिवस लागतील. त्यानंतर पाच दिवस पावती जुन्या वहीतही आणि नव्या संगणकातही करायची आणि रोज संध्याकाळी ताळा घ्यायचा. बाकीचे दिवस चुकीसाठी राखलेत. चौथ्या दिवशी संध्याकाळी ४६० नावं झाली नाहीत तर त्याच संध्याकाळी मी फोन करीन.”

उरलेली ११,८६० बंद खाती फेब्रुवारीअखेर होतील, तोवर जुना संगणक नुसता बघण्यासाठी चालू राहील, असंही सांगितलं. शेतकऱ्यांना मेसेज जाण्याची सोय आम्ही मार्चवर ढकलली. सुनेला ते आवडलं नाही आणि तिने तसं स्पष्ट म्हटलं. मी तिला समजावत बसले नाही. मेसेजचं काम करणारा माणूस नावांवर घेतलाय, म्हणून ते मागे पडतंय, एवढंच सांगितलं.

“दोन पोरं आणखी लावा की,” शेठजी म्हणाले. हो म्हणणं सोपं होतं. मी नाही म्हणाले, कारण नाव बरोबर आहे की नाही हे गाव आणि माणसं ओळखणाऱ्यालाच कळतं आणि तसा माणूस आमच्याकडे नव्हता. म्हणून मागणी उलट त्यांच्याकडेच केली: रोज सकाळी ११ ते १ मुनीमजी, आणि वजनाच्या भाड्याचे दर १६ तारखेपर्यंत सही करून. दोन्हींना त्यांनी तिथेच होकार दिला. पुढचा हप्ता सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर द्या, हे मी न विचारता सांगितलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ३८८ नावं झाली होती. एकाच गावात एकाच नावाचे दोन-दोन, तीन-तीन शेतकरी निघत होते आणि मुनीमजींना दर वेळी जुन्या बांधीव वह्या काढाव्या लागत होत्या. मी सात वाजता फोन केला आणि ७२ नावांनी मागे असल्याचं कारणासकट सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग शेठजी म्हणाले, “बरं झालं आजच सांगितलं.” दुसऱ्या दिवसापासून सून स्वतः वह्या घेऊन बसली आणि मुनीमजी नावांवर राहिले. वेग १३० च्या आसपास गेला.

तरी आम्ही २ तारखेला सुरू झालो नाही. ताळ्याच्या पाच दिवसांत वजनाच्या भाड्यात एक चूक सापडली, अर्धं पोतं परत नेलं तर भाडं पूर्ण पोत्याचं लागत होतं. ३० डिसेंबरला दुपारी मी तसं कळवलं आणि ४ तारीख दिली.

४ जानेवारीला सकाळी पहिली गाडी आली. मुनीमजींनी खातं शोधलं, पोती मोजून घातली आणि पावती छापली. ती त्यांनी चष्मा वर करून वाचली, गावाच्या रकान्यावर बोट ठेवून मला दाखवली आणि गाडीवाल्याच्या हातात दिली. रकान्यात भिवापूर लिहिलेलं होतं, वेलांटी जागेवर.