१ एप्रिलची एंट्री

अकरावी कॉमर्सला समायोजनांमध्ये 'लाइट बिल देणे आहे, भाडे देणे आहे' अशा ओळी यायच्या आणि आम्ही खर्चात मिळवून ताळेबंदात देणी बाजूला टाकून मोकळे व्हायचो. पण आमचे बुककीपिंगचे सर तिथे थांबू द्यायचे नाहीत, "बरं, आता १ एप्रिलला काय कराल?" विचारायचे. पेपरात ते कधी यायचं नाही म्हणून अर्धा वर्ग वैतागायचा. आज भोसरीतल्या एका वर्कशॉपचे अकाउंट्स बघताना दर महिन्याला तोच प्रश्न समोर असतो.

आमचं मीटर रीडिंग १५ तारखेला होतं. म्हणजे मार्च बंद करताना १६ ते ३१ ची वीज वापरलेली असते पण बिल नसतं. मग ३१ ला संध्याकाळी मीटरचा फोटो मागवायचा, १५ नंतरचे युनिट समजा ४,००० झाले, मागच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून दर ११ रुपये आला, तर ४४,००० वीजखर्च नावे आणि देणे वीजखर्च जमा. १ एप्रिलला हीच एंट्री उलटी. त्यामुळे एप्रिलमध्ये बिल येईपर्यंत वीजखर्च खातं मायनसमध्ये दिसतं, नवीन पोरं घाबरतात, पण ते तसंच हवं असतं. मग ८५,००० चं बिल आलं की पूर्ण खर्चाला टाकायचं, एप्रिलवर आपोआप ४१,००० च राहतात. अंदाज हजार-दोन हजारांनी चुकला तर तो फरकही एप्रिलमध्येच पडतो, त्यासाठी मार्च परत उघडायची गरज नाही.

गोंधळ कुठे होतो, तर उलटी एंट्री झालेली असताना बिल टाकणारा दुसराच माणूस त्यातले ४४,००० परत 'देणे' खात्याला नावे टाकतो. मग ४४,००० दोनदा वजा होतात आणि देणं असलेलं खातं येणं दाखवायला लागतं. म्हणून ३० एप्रिलची नवी एंट्री टाकायच्या आधी ते खातं उघडून बघायचं, शून्यच पाहिजे. आणि टॅलीतल्या Reversing Journal वर जाऊ नका हां, नावावरून वाटतं हेच पाहिजे, पण तो फक्त सिनॅरिओ लावून बघायच्या रिपोर्टपुरता असतो, पुस्तकात काहीच पडत नाही. साधं Journal, दोनदा.

भाड्याचं मात्र मी वेगळं करतो. ६०,००० करारात ठरलेले, अंदाज नाहीच, आणि रक्कम जमा केली की १० टक्के टीडीएस लागतोच, खात्याला नाव काहीही द्या. म्हणून ५४,००० थेट जागामालकाच्या नावावर जमा, ६,००० टीडीएस देणे, आणि ही एंट्री उलटवायची नाही, मालकाला पैसे दिले की खातं मिटतं. उलटवली तर टीडीएसपण उलटतो, आणि चलन तर भरायचंच असतं.