आमची वाटचाल : बसमध्ये न चढलेलं मूल

आमच्या फर्मची सुरुवात ट्रक आणि टँकरला जीपीएस बसवण्यापासून झाली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गाडीमालकांना गाडी कुठे उभी आहे आणि डिझेल कुठे संपलं, एवढंच बघायचं असायचं. त्यातल्याच एका मालकाने पुढे शाळेला बस लावल्या आणि त्या बसलाही आम्हीच जीपीएसचे डबे बसवले. पालकांच्या मोबाइलवर बस दिसू लागली, तक्रारी कमी झाल्या. मग जूनमधल्या पालक सभेत एका आईने उभं राहून विचारलं, "बस कुठंय ते दिसतंय हो दादा, पण माझा पोरगा बसमध्ये आहे का नाही ते कुठं दिसतंय?" तिच्या प्रश्नाला जीपीएसकडे उत्तर नव्हतं. तिथून पुढचं आमचं सगळं काम त्या प्रश्नावरच चालू आहे.

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच आम्हालाही सुचला. मुलाच्या दप्तराला लांबून वाचता येणारा टॅग लावायचा आणि बसच्या दाराला अँटेना. मुलाने काही करायची गरज नाही, दारातून गेलं की नोंद. टेबलावर हे छान चालतं. बसच्या दारात मात्र मुलं एकमेकांना चिकटून चढतात, आणि अंगातलं पाणी टॅगच्या रेडिओ लहरी शोषून घेतं. टॅगच्या मागे स्टीलचा डबा आला तर तो वाचलाच जात नाही. उलट दाराशेजारी नुसतं गप्पा मारत उभं असलेलं मूल 'चढलं' म्हणून नोंदलं जातं.

पण या पद्धतीचा खरा धोका एका शाळेच्या आवारात उभं राहिल्यावर दिसला. सुटीची घंटा झाली की चौथी-पाचवीची मुलं पळत येतात, खिडकीची जागा धरायला दप्तर आत फेकतात आणि परत मैदानात जातात. दप्तर बसमध्ये, टॅग बसमध्ये, आईच्या मोबाइलवर 'चढला' असा निरोप, आणि मूल घसरगुंडीवर. मूल नसताना आहे म्हणून सांगणारं यंत्र काहीच न सांगणाऱ्या यंत्रापेक्षा वाईट, कारण आई निर्धास्त होते. त्यामुळे लांबून वाचणारे टॅग आम्ही सोडले आणि दोन-चार सेंटिमीटरवरून वाचलं जाणारं साधं कार्ड घेतलं. ते गळ्यातल्या ओळखपत्रातच असतं. कार्ड लावलं की बसमधल्या मदतनीस ताईंच्या टॅबवर मुलाचा फोटो येतो. ताईंनी फोटोकडे आणि चेहऱ्याकडे बघायचं, कारण धाकट्या भावाचं कार्ड मोठी बहीण लावून टाकते. कार्ड विसरलं असेल तर ताई यादीतलं नाव दाबतात. महाराष्ट्रात 2011 सालच्या स्कूल बस नियमांप्रमाणे बसमध्ये मदतनीस असायलाच हवा, म्हणून हे जमतं. आमच्या यंत्रणेचा खरा कणा या ताईच आहेत.

आता मुख्य गोष्ट. मूल चढलं हे सांगणं सोपं आहे, कारण कार्ड लागतं, आवाज होतो, नोंद पडते. मूल चढलं नाही तेव्हा काहीच होत नाही. जे घडलंच नाही त्याची नोंद यंत्र कशी करणार? त्यासाठी तीन गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात: आज या बसमध्ये कोण कोण यायला हवं, कोणत्या क्षणी 'आता उशीर झाला' म्हणायचं, आणि बसमधलं यंत्र जिवंत आहे का.

यादीचं काम दिसतं त्यापेक्षा किचकट. सकाळी मूल आजारी आहे हे आईला माहीत असतं, बसला नसतं. म्हणून पालकांना एक नंबर दिला. रात्री किंवा सकाळी त्यावर मिस्ड कॉल दिला की त्या दिवसाची रजा लागते. विडी घरकुलच्या मार्गावर बऱ्याच घरी तेलुगू बोलतात, आजी-आजोबांना मराठी मेसेज वाचता येत नाही, पण मिस्ड कॉल सगळ्यांना देता येतो. दुपारी वेगळाच प्रकार. मूल शाळेत आलेलं असतं, पण मध्येच काकांनी दवाखान्यात नेलं, किंवा स्पर्धेच्या सरावाला थांबलं. हे शाळेच्या ऑफिसात गेटपासच्या वहीत लिहिलेलं असतं. ती नोंद वहीबरोबर आमच्या यादीतही पडली पाहिजे, हा आग्रह आम्ही करारातच घालतो. नाहीतर रोज खोटी घंटा वाजते, आणि आठवडाभर खोटी घंटा ऐकलेला बाप खऱ्या दिवशी फोन उचलत नाही.

आमचा सगळा भर दुपारच्या फेरीवर आहे. सकाळी थांब्यावर बहुतेक वेळा घरचं कुणीतरी उभं असतं. दुपारी आईला वाटतं मूल बसमध्ये आहे, शाळेला वाटतं मूल बसमध्ये आहे, आणि हा गैरसमज बस सैफुलच्या थांब्यावर पोचेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. तोवर पाऊण तास गेलेला असतो. म्हणून पालकांना लवकर कळवायचं तर तपास बस गेटमधून हलायच्या आत व्हायला हवा.

एका दिवसाचं सांगतो. शाळा पाचला सुटली, सव्वापाचला बस निघायची. निघायच्या पाच मिनिटं आधी टॅब आपणहून उरलेली नावं लाल करतो. त्या दिवशी विजापूर रोडच्या बसमध्ये तीन नावं लाल झाली. एकाला वडील लवकर घेऊन गेले होते, ऑफिसने गेटपास चढवला आणि ते नाव गेलं. दुसरा कार्ड घरी विसरून मागच्या सीटवर बसलेला, ताईंनी नाव दाबलं. तिसरी पाचवीतली मुलगी, ती कुठेच नाही. ताईंनी हाक मारली, ड्रायव्हरकाकांनी इंजिन चालू केलं नाही. सव्वापाचला तेच नाव शाळेच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर आलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, शेवटच्या तासाला होती. पाच वाजून अठरा मिनिटांनी ऑफिसमधून मॅडमनी आईला फोन लावला. "काकू, घाबरू नका, ती शाळेतून निघालीय पण बसमध्ये दिसत नाहीये. तुमच्याकडून कुणी न्यायला आलं होतं का?" आई म्हणाली, कुणीच नाही.

मुलगी होटगी रोडच्या बसमध्ये होती. मैत्रिणीकडे वाढदिवस, घरी सांगायचं राहिलेलं. तिने तिथे कार्ड लावलं होतं, दुसऱ्या बसचं मूल आलं की वाजणारा लांब आवाजही झाला होता, पण गर्दीत ताईंना ऐकू गेला नाही. नोंद त्या यंत्रात पडली होती, पण आमच्यापर्यंत आली नव्हती. शाळा सुटताना गेटवर शेकडो मोबाइल एकदम चालू असतात आणि नेटवर्क घुसमटतं. यंत्र अशा वेळी नोंद पोटात ठेवतं आणि नेटवर्क मिळालं की पाठवतं. ती नोंद पाच वाजून एकवीस मिनिटांनी आली. तीन मिनिटं त्या आईने कशी काढली असतील, हे मी तिला भेटून ऐकलं आहे.

या प्रसंगावरून तिसऱ्या गोष्टीचं महत्त्व कळतं. 'कार्ड लागलं नाही' आणि 'कार्ड लागल्याची खबर आली नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात. आता प्रत्येक बसचं यंत्र दर अर्ध्या मिनिटाला 'मी आहे' असा छोटा संदेश पाठवतं. त्या शाळेची कुठलीही बस दोन मिनिटं गप्प असेल, तर ऑफिसच्या स्क्रीनवर लाल नावाच्या वरच दिसतं: 'होटगी रोड बस गप्प, आधी तिथल्या ताईंना फोन'. शिवाय गेटजवळ शाळेचं वायफाय असेल तर यंत्रं त्यावरून बोलतात. ताईंना लावायचा फोन अर्ध्या मिनिटात होतो. त्यातही मूल सापडलं नाही, तरच आईला फोन. पण आईचा फोन लांबवायचा नाही. नाव लाल झाल्यापासून दहा मिनिटांत ऑफिसने 'सापडलं' दाबलं नाही, तर मेसेज कुणाला न विचारता जातो.

मेसेज असा आहे: 'आर्या शाळेच्या बसमध्ये नाही. शाळेत चौकशी चालू आहे. फोन येईल.' यातला प्रत्येक शब्द मोजून घेतलाय. मराठी एसएमएसला एका मेसेजमध्ये 70 अक्षरं मिळतात, इंग्रजीला 160, आणि काना, मात्रा, हलन्त हेसुद्धा एकेक अक्षर धरलं जातं. त्याहून लांब झाला की दोन तुकडे होतात आणि खर्च दुप्पट. मजकूर आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी नोंदणीत मंजूर करून घ्यावा लागतो, नंतर फक्त नावाची जागा बदलते. म्हणून 'चढला', 'चढली' टाळून मुलगा-मुलगी दोघांना चालेल असं वाक्य घेतलं. 'चढला' असे रोजचे एसएमएस आम्ही पाठवत नाही. ते अ‍ॅपमध्ये दिसतं. एसएमएस आला म्हणजे काहीतरी बघायला हवं, हे पालकांच्या डोक्यात बसलं पाहिजे.

एक गोष्ट सोलापूरची म्हणून सांगतो. मार्चमध्ये ऊन वाढलं की शाळा सकाळच्या होतात. घड्याळाच्या वेळेवर बांधलेली यंत्रणा त्या दिवशी कोलमडते, सगळी नावं एकदम लाल. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या काळात रस्ते वळवतात तेव्हाही थांब्यांच्या वेळा बिघडतात. म्हणून सकाळच्या फेरीत आम्ही वेळ धरतच नाही. बस थांब्यापाशी थांबली आणि तिथून दीडशे मीटर पुढे गेली, की त्या थांब्याची यादी बंद. दुपारी सुटण्याची वेळ शाळेने आदल्या दिवशी टाकायची, आणि टाकली नसेल तर ताईंनी पहिलं कार्ड घेतल्यापासून मोजायचं. उतरतानाही तीच यादी उलटी चालते. शेवटच्या थांब्यानंतर एक जरी नाव 'आत' राहिलं, तर ताई मागच्या सीटपर्यंत जाऊन बघितल्याशिवाय टॅब फेरी बंद करू देत नाही. झोपलेलं लहान मूल बसमध्ये राहायला नको.

व्यवसाय म्हणून यात तीन पक्ष सांभाळावे लागतात. बस मालकाची, मुलं शाळेची, पैसे पालकांचे. आम्ही करार शाळेशीच करतो, कारण लाल नावावर फोन उचलणारा माणूस शाळेचा हवा. ज्या शाळेने सुटीनंतरचा अर्धा तास ऑफिसात एक माणूस बसवायला नकार दिला, तिथे आम्ही काम घेतलं नाही. आमच्याकडे माणसं मोजकीच. इथल्याच पॉलिटेक्निकमधून शिकलेली दोन मुलं यंत्रं बसवतात, माझी बायको ताईंचं प्रशिक्षण बघते.

आता रिक्षा आणि व्हॅनचं काम हातात घेतलंय. सोलापुरात अजून कितीतरी मुलं रिक्षानेच शाळेत जातात. तिथे ताई नसतात, फक्त रिक्षावाले काका, आणि त्यांचे दोन्ही हात हँडलवर. कार्ड आणि टॅब तिथे चालणार नाही. सध्या एका शाळेत असं करून बघतोय: रिक्षा शाळेच्या गेटवर उभी असतानाच काकांनी मोबाइलवरची फोटोंची यादी बघून फक्त न आलेल्या मुलाचा फोटो दाबायचा, आणि सगळे आले असतील तर खालचं एकच मोठं हिरवं बटण. दोन्हींपैकी काहीच दाबलं नाही आणि रिक्षा हलली, तर ऑफिसच्या स्क्रीनवर त्या रिक्षाची सगळी नावं लाल होतात.