तीन तारीख आणि सात तारीख

मी क्रेडिट कार्डाच्या ग्राहक सेवेत फोनवर बसते. बिलिंग सायकल, म्हणजे दर महिन्याला बिल निघायची तारीख, बदलून द्या, हा फोन आठवड्यातून आठ-दहा वेळा येतो आणि एरवी चार मिनिटांत संपतो. जानेवारीतला हा एक मात्र अजून डोक्यातून जात नाही.

चाकणच्या एका कास्टिंग शॉपमधले गृहस्थ होते, मागे यंत्रांचा आवाज. "ताई, मी दर महिन्याला सात तारखेलाच पैसे भरतो. पगार झाला की त्याच रात्री. मग एखाद्या महिन्यात दंड लागतो आणि एखाद्या महिन्यात नाही, असं का?" आधी दोनदा फोन केला होता त्यांनी. एकाने सांगितलं, तुमच्या बँकेकडून पैसे उशिरा पोचतात. दुसऱ्याने सांगितलं, सिस्टीम बघून घेईल. दोघांनीही कॉल 'निराकरण झाले' म्हणून बंद केले होते. आमच्याकडे बक्षीस लवकर फोन ठेवणाऱ्याला मिळतं, म्हणून असं होतं. याचा मला मनापासून राग येतो.

खात्यात दंड दिसत होते ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि जानेवारीत. ऑक्टोबर आणि डिसेंबर कोरे. प्रत्येक वेळी साडेसातशे रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ८८५. मी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि पेन्सिलीने दिवस मोजायला लागले.

त्यांचं बिल दर महिन्याच्या १४ तारखेला निघायचं आणि आमच्याकडे भरायची मुदत बिलापासून विसाव्या दिवशी असते. मुदतीची तारीख स्वतंत्रपणे कुठेच ठरलेली नसते, ती बिलाच्या तारखेवरून मोजली जाते. बिलाचा महिना ३१ दिवसांचा असेल तर विसावा दिवस ३ तारखेला येतो, ३० दिवसांचा असेल तर ४ तारखेला. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय उशिराचा दंड लावायचा नाही. आता सात तारीख बघा. मुदत ४ ची असेल तर सात हा तिसरा दिवस, दंड नाही. मुदत ३ ची असेल तर सात हा चौथा दिवस, दंड लागला. जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर हे ३१ चे महिने, आणि त्यांच्या बिलांचे दंड बरोबर पुढच्या महिन्यात पडलेले.

त्यांना हे सांगितलं तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे माझं चुकत नव्हतं." मी म्हटलं, सर, व्याज मात्र दर महिन्याला लागत होतं, दंड नसलेल्या महिन्यांतसुद्धा. त्या तीन दिवसांची सवलत व्याजाला लागू नाही. पूर्ण बिल मुदतीत आलं नाही तर व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. तीन तारखेला निदान किमान रक्कम भरली असती तरी चारही दंड टळले असते, हेही नाही.

मग सायकल बदलायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने कार्ड कंपन्यांना सांगितलं आहे, की ग्राहकाला निदान एकदा तरी सोयीप्रमाणे सायकल बदलू द्या. आमच्याकडे ते 'एकदा'च आहे, म्हणून मी घाई करत नाही. त्यांना मुदत ८ तारखेची हवी होती, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी. पण तशी तारीख आम्हाला टाकता येत नाही. पडद्यावर बिलाच्या ठरावीक तारखांची यादी येते आणि त्यातलीच एक निवडावी लागते. १८ घेतली तर मुदत कधी ७ ला येणार, कधी ८ ला. पगार एक दिवस लांबला की पुन्हा तेच. २० घेतली तर ९ किंवा १०, फेब्रुवारीच्या बिलाला तर १२. मी २० सुचवली, त्यांनी होकार दिला. बावीस मिनिटं झाली होती आणि सुपरवायझर काचेपलीकडून घड्याळ दाखवत होते. मी विनंती टाकली आणि म्हटलं, "झालं सर, आता तुमची मुदत नऊ तारखेची." ते वाक्य माझं आहे. रेकॉर्डिंगमध्ये आहे.

८ फेब्रुवारीला त्यांचा पुन्हा फोन आला आणि योगायोगाने माझ्याच लाइनवर. परत दंड लागला होता.

विनंती टाकली तेव्हा ९ जानेवारी होती. इतकं जवळ आलेलं बिल आमची सिस्टीम जुन्याच तारखेला काढते. त्यामुळे १४ जानेवारीला १८,४०० रुपयांचं बिल निघालं, मुदत ३ फेब्रुवारी. नंतर सायकल बदलली आणि सहाच दिवसांत, २० जानेवारीला, दुसरं बिल निघालं. त्यात मागची बाकी धरून २१,३०० रुपये, मुदत ९ फेब्रुवारी. आता माणसाने काय समजावं? नव्या कागदावर जुने पैसेही आहेत आणि तारीख एकच छापलेली आहे, नऊ. शिवाय फोनवरच्या बाईने नऊच सांगितली होती. त्यांनी सात तारखेला पगार होताच सगळे पैसे भरले, नव्या मुदतीच्या दोन दिवस आधी. पण एकदा निघालेल्या बिलाची मुदत सायकल बदलली म्हणून सरकत नाही. १४ तारखेच्या बिलाचं घड्याळ आत चालूच होतं आणि सात हा पुन्हा चौथा दिवस होता.

ते ओरडले नाहीत. "ताई, तुम्ही नऊ म्हणाला होता ना?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हो सर, मी म्हणाले होते, आणि ३ तारखेचं मी सांगायला हवं होतं.

दंड परत देण्यासाठी मी माझंच रेकॉर्डिंग जोडून वर पाठवलं. तो एक दंड परत आला. आधीच्या चारांचे ३,५४० रुपये मिळाले नाहीत. नियमाने ते बरोबरच लागले होते, असं उत्तर आलं. नियमाने बरोबर असतीलही. पण त्यांनी आधी दोनदा फोन करून कारण विचारलं होतं, आणि त्यातल्या एकाने जरी कॅलेंडर उघडलं असतं तरी पुढचे दंड लागले नसते. हे मी लिहून दिलं, त्याला उत्तर नाही.

सायकल बदलल्यावर ग्राहकाला जो एसएमएस जातो त्यात फक्त नवी तारीख असते. त्यात एक ओळ घाला, आधी निघालेलं बिल जुन्याच मुदतीत भरा, असं मी फेब्रुवारीतच सुचवलं. ते 'विचाराधीन' आहे. तोवर मी विनंती टाकण्याआधी ग्राहकाला वही घ्यायला सांगते आणि दोन्ही बिलं, दोन्ही तारखा त्याच्याकडून परत वाचून घेते. त्याला तीन मिनिटं जास्त लागतात आणि महिन्याच्या तक्त्यात माझं नाव खाली जातं.

त्यांच्या २० फेब्रुवारीच्या बिलाची मुदत १२ मार्च होती. १३ ला सकाळी मला बघायचं होतं, पैसे आले का, आणि व्याजाचा राहिलेला तुकडा किती उरला. पण ग्राहकाचा फोन नसताना त्याचं खातं उघडायची आम्हाला परवानगी नाही, आणि त्यांचा फोन काही आला नाही.