बघूनाना करूकर

«तुमच्या वगातल्या गावकऱ्यांची नावं ऐकली की पात्र येण्याआधीच हसू येतं. ही नावं सुचतात कशी? आणि नावातच विनोद सांगून टाकला, तर पुढे उरतं काय?»

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. पुढे उरतं ते वाट पाहणं. नाव कानावर पडलं की प्रेक्षकाला कळतं, हा माणूस अमुक करणार. मग तो ते कधी करतो याची वाट बघत प्रेक्षक बसून राहतो. लोकनाट्याला ही सोय फार मोलाची, कारण आमच्याकडे पात्राची ओळख करून द्यायला वेळ नसतो. गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, तेवढ्यात रात्र बरीच सरलेली असते. वग सुरू झाला की दोन वाक्यांत माणूस उभा राहिला पाहिजे.

आणि हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. «नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा» ही म्हण ज्या घरात बोलली जाते, त्या घरातल्या माणसाला नाव आणि माणूस यांतली फट दिसतेच. ती म्हण म्हणजे दोन ओळींचं प्रहसनच आहे. अण्णा भाऊ साठ्यांनी आपल्या एका लोकनाट्याला «देशभक्त घोटाळे» हे नाव दिलं, त्यातही हीच फट आहे. पहिला शब्द छाती पुढे काढून चालतो आणि दुसरा त्याचे पाय ओढतो. पडदा उघडण्याआधी निम्मं काम झालेलं असतं.

माझं स्वतःचं एक नाव उलगडून दाखवतो. एका वगात मला असा सरपंच हवा होता, जो कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही आणि कुठलंच काम करत नाही. अशा माणसाला लबाडराव, फसवे असं काही म्हटलं की हसू येतं, पण एकदाच. ते नाव त्याच्याबद्दल मी बोललेलं असतं, त्याच्या तोंडचं नसतं. म्हणून मी तो माणूस दिवसभर काय बोलतो ते कागदावर लिहून काढलं. «बघू» आणि «करू» हे दोनच शब्द राहिले. त्यातून झाले सरपंच बघूनाना करूकर.

आता याची रचना पाहा. «नाना» हा गावात मान देणारा शब्द, त्यामुळे «बघूनाना» हे लाडाने पडलेलं नाव वाटतं. आडनावातलं «कर» बहुतेक वेळा गावाच्या नावाला लागतं. त्यामुळे कान आधी गाव शोधतो, गाव सापडत नाही, आणि मग शब्द ऐकू येतो. हा जो क्षणभराचा उशीर आहे, त्यात हसू तयार होतं. ढोलकीवाल्याला मी सांगून ठेवतो की नाव संपल्याबरोबर थाप द्यायची नाही. आधी लोकांना हसू दे, मग थाप. घाई केली तर हसू थापेखाली दबतं आणि मागच्या रांगेतली माणसं «काय म्हणाला, काय म्हणाला» करत राहतात.

हे नाव वगात तीनदा काम करतं. पहिल्यांदा ग्रामसभेच्या हजेरीत. नावं लोकांना ऐकवायची असतील तर हजेरीइतकी सोयीची जागा नाही, कारण तिथे नाव वाचणं हेच काम असतं, ते मुद्दाम घुसवल्यासारखं वाटत नाही. दुसऱ्यांदा एक म्हातारी विचारते, «नाना, नळाला पाणी कधी येणार?» सरपंच तोंड उघडून फक्त «बघू...» म्हणतो आणि थांबतो. उरलेलं «नाना करूकर» प्रेक्षक पुरं करतात. इथे नटाने हसायचं नाही, मान डोलवायची नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. तिसऱ्यांदा निवडणूक आलेली असते. सरपंच त्याच म्हातारीच्या दारात हात जोडून उभा राहतो.

«आजी, यंदा मत आपल्यालाच.»

म्हातारी त्याच्याकडे नीट बघते आणि म्हणते, «बघू, नाना. करू.»

एवढंच. वगातला सगळ्यात मोठा हशा तिथे येतो आणि त्या वाक्यात नवा शब्द एकही नाही. नाव त्याचंच, पण आता ते त्या बाईच्या हातात आलेलं असतं. नाव ठरवताना मी हाच शेवट आधी शोधतो. जे नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडी उलटून त्याच्यावर येऊ शकत नाही, ते मी घेत नाही.

दुसरा प्रकार तीन पदरी नावाचा. आपल्याकडे माणसाचं पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. सरकारी माणूस ते कागदावरून सावकाश वाचतो. सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत मी एक नाव घातलं आहे: नगदराव उधारराव बुडवे. पहिलं नाव आशा दाखवतं, बापाचं नाव शंका घालतं आणि आडनाव निकाल देतं. आडनाव छोटं हवं. «बुडवे» तीन अक्षरांत संपतं म्हणून हशा नेमका त्यावर येतो. तिथे «कर्जबुडवेकर» ठेवलं असतं तर अर्थ तोच राहिला असता आणि हशा मधेच कुठेतरी सांडला असता.

नटांकडून होणारी चूक जवळजवळ नेहमी एकच असते. नावाने जे सांगितलं तेच ते पुन्हा करून दाखवतात. पात्राचं नाव आळशीपणाचं असलं की नट जांभई देतच येतो. मग प्रेक्षकाने वाट कशाची बघायची? अशा नटाला मी धावत यायला सांगतो, घाम पुसत, हातात फावडं. लोक म्हणतात, अरे हा तर कामाचा दिसतो. मग तो फावडं टेकवतो, त्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवतो, आणि तिथे नाव खरं होतं.

मुख्य पात्राला असं नाव मी कधीच देत नाही. नाव माणसाला एका खोडीला बांधून टाकतं आणि मुख्य पात्राला तर रात्रभर बदलायचं असतं. «गाढवाचं लग्न»मधला सावळा कुंभार आठवा. नावात काडीचा विनोद नाही, बायकोचं नाव गंगी, तेही साधंच. पण दादू इंदुरीकरांच्या सावळ्याने लोकांना पोट धरधरून हसवलं, ते त्याच्या बोलण्यातून आणि वागण्यातून. मोकळ्या नावात माणूस कुठेही जाऊ शकतो. बघूनानाला तीन प्रसंगांच्या पुढे नेलं तर लोक कंटाळतील, हे मला पक्कं ठाऊक आहे.

काय घेत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एक म्हणजे खरी आडनावं. आगलावे, दीडमिशे, टकले, झोपे, डोईफोडे ही महाराष्ट्रातली खरी आडनावं आहेत, कष्टाची माणसं ती लावतात. लेखकाला वाटतं आपण बनवलंय, आणि समोर त्याच आडनावाचं घर बसलेलं असतं. त्यांच्या शाळकरी पोराला दुसऱ्या दिवशी काय ऐकावं लागेल याचा विचार करा. म्हणून सुपारी ठरवताना यात्रा कमिटीला मी गावातली आडनावं विचारून घेतो. करूकर, बुडवे यांसारखं काही तिथे निघालं तर त्या रात्रीपुरतं नाव बदलतो.

दुसरं, शरीरावरची नावं. गवळणीतला पेंद्या लंगडतो, काल्यात वाकड्या आणि बोबड्या येतात, तेव्हा परंपरा आहे की, असं मला सांगितलं जातं. आहेच. पण तिथे हे कृष्णाचे सवंगडी आहेत. देव त्यांच्या शिदोरीतलं खातो, त्यांच्याशी भांडतो, त्यांच्यावाचून त्याचा काला होत नाही. पेंद्या तर देवालाच उलट बोलतो. वगात मात्र एखाद्याला लंगड्या म्हणायचं आणि रात्रभर त्याला ढकलायचं, यात त्या काल्याचं काही नाही. मी ते लिहिणार नाही.

तिसरी गोष्ट शहरातून आलेल्या नव्या मुलांना मुद्दाम सांगावी लागते. त्यांना दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही नावं विनोदी वाटतात. गावात ती विनोदी नाहीत. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचे. दगड, धोंडा, केर, यांच्याकडे काळाची नजर जात नाही आणि पोर वाचतं, ही त्यामागची समजूत. त्या नावात आईची भीती आहे. समोर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचंच नाव धोंडू असतं आणि आपल्या आधी किती भावंडं गेली हे त्याला माहीत असतं. नकुसा हे नाव तर त्याहून जड. मुलगी नको होती, हे त्या पोरीला जन्मभर हाक मारून सांगितलं गेलं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. अशा नावावर हशा मागायचा अधिकार कुठल्याच सोंगाड्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

विनोदी नाव माणसाने स्वतः कमावलेलं असावं, म्हणजे त्याच्या सवयीतून, त्याच्या खुर्चीतून आलेलं. जन्माने, अंगाने किंवा दुःखाने चिकटलेलं नको. एवढी चाळण लावली तरी नावांचा दुष्काळ पडत नाही. तलाठी, सोसायटीचा चेअरमन, टँकरवाला, लग्न जुळवणारा मध्यस्थ, प्रत्येकाची दोन-तीन वाक्यं ठरलेली असतात. ती ऐकायची आणि लिहून काढायची.

प्रदेश बदलला की नावही थोडं बदलावं लागतं. चंद्रपूरकडे «वार» लागणारी आडनावं कानाला सवयीची आहेत. तिकडे हा वग करायचा ठरला तेव्हा आमच्यातल्या एका नटाने सुचवलं की करूकरचं करूवार करू या. मी लगेच हो म्हटलं, आणि तालमीत म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी त्यात आणखी एक जागा काढली. नळाला पाणी कधी, या प्रश्नावर सरपंच «बघू» म्हणून थांबला की त्या शेजारणीकडे वळून बोटांवर वार मोजू लागतात, «सोमवार, मंगळवार, बुधवार...» आणि रविवारपर्यंत येऊन विचारतात, «बाई, करूवार कधी गं असतो?» ते वाक्य आता संहितेत त्यांच्या नावाने लिहून ठेवलं आहे.